प्लास्टरचा तमिळ कागद

माझ्या मुलीचा हात मोडला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. वेलचेरीतल्या आमच्या इमारतीच्या आवारात झोपाळा आहे. चालत्या झोपाळ्यावरून उडी मारायची पैज तिने जिंकली आणि डाव्या मनगटाच्या वरची दोन्ही हाडं मोडून घेतली. तिची आई त्या आठवड्यात पुण्याला होती, आजीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. म्हणजे घरात जबाबदार माणूस मी एकटाच. हे वाक्य लिहितानाही मला अवघडल्यासारखं होतंय.

हॉस्पिटलमध्ये हाडं बसवून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. निघताना नर्सबाईंनी सूचनांचे दोन गठ्ठे पुढे धरले आणि विचारलं, "तमिळा, इंग्लिशा?"

आता कबूल करतो. चेन्नईत मला वीस वर्षं झाली. तमिळ मी फडाफडा बोलतो. भाजीवाल्याशी भांडतो, रिक्षावाल्याशी तर राजकारणावर वाद घालतो. वाचता मात्र एक अक्षर येत नाही. बसच्या पाटीवरचा नंबर पाहून चढतो. पण नर्सबाईंनी मला परगावचा समजून विचारलं, असं वाटलं आणि माझा अभिमान टुणकन उभा राहिला. म्हणालो, "तमिळे पोदुम." तमिळच पुरे. त्या खूश झाल्या, कागद दिला आणि भराभर काहीतरी समजावून सांगितलं. मी "सरी, सरी" करत मान डोलावली. लक्ष बाहेर उभ्या केलेल्या रिक्षाकडे.

पुण्याहून फोन आला. "सूचना नीट वाचल्यास ना?"

"वाचल्या. सगळं कागदावर आहे."

कागद खरा वाचला तो मुलीने. तिला शाळेत तमिळ आहे. सोफ्यावर मांडी घालून, बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात ती मराठीत सांगू लागली, "एक. प्लास्टर भिजवू नये, म्हणून अंघोळ बंद. दोन. गणिताने हाडावर ताण येतो. तीन. पेशंटला रोज आईस्क्रीम द्यावं. आंब्याचं."

"आंब्याचंच लिहिलंय?"

"हो बाबा. खाली रेघ मारलीये."

ती थापा मारतेय हे न कळायला मी मूर्ख नव्हतो. पण "दाखव, खरं काय लिहिलंय ते" म्हणायचं, तर कागद हातात घेऊन मी करणार काय होतो? म्हणून मीही गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "मग आणायलाच हवं." ती खुदकन हसली. मला वाटलं, माझी अब्रू वाचली. तिला काय वाटलं ते नंतर कळलं. बाबांनी कागद आधीच वाचलाय, ते सगळं जाणतात आणि गंमत म्हणून माझ्यासोबत खेळतात, असं ती समजून चालली होती. त्यामुळे खरी कलमं सांगायची तिला गरजच वाटली नाही. खरी माहिती तिच्या मते माझ्या डोक्यात सुरक्षित होती.

तो संपूर्ण दिवस तिने प्लास्टर मिरवत काढला. पाचही मजल्यांवर दर्शन दिलं. हात खाली लोंबतोय, अजून ओलसर असलेल्या प्लास्टरवर मैत्रिणी स्केचपेनने फुलपाखरं काढताहेत, आणि मी कौतुकाने फोटो काढून पुण्याला पाठवतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुरकुरायला लागली. दुखण्याचं औषध वेळेवर दिलं होतं, तरी दुखणं वाढतंच होतं. मला वाटलं, आईस्क्रीमची प्रस्तावना चालू आहे.

"बाबा, आत कसंतरी होतंय."

"खाजतंय का? थांब." मी तिच्या दप्तरातून लाकडी पट्टी काढली आणि बापाला शोभेल अशा तत्परतेने पुढे केली. "हळूच आत घाल आणि खाजव."

तिने पट्टीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बाबा, आत काहीच घालायचं नाही. पट्टी नाही, पेन्सिल नाही, पावडरसुद्धा नाही. कातडीला जखम होते आणि आतल्या आत पिकते. फार खाजलं तर प्लास्टरवर टकटक करायचं, नाहीतर हेअर ड्रायरची गार हवा सोडायची. कागदावर आहे ना! तुम्ही वाचलंय ना?"

मी पट्टी खाली ठेवली.

"तुम्हाला तमिळ वाचता येत नाही?"

"नाही."

"अय्यो!" ती म्हणाली. शंभर टक्के चेन्नईचं अय्यो होतं ते. "आणि हे खाजत नाहीये. मुंग्या येतायत. बोटांना."

"वाच," मी म्हणालो. "सगळं. खरं."

ती वाचत गेली. या वेळी बातम्यांचा आवाज नव्हता. पहिले दोन-तीन दिवस हात छातीपेक्षा उंच ठेवायचा, झोपताना उशांवर. बोटं सारखी हलवायची. प्लास्टर पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात, तोवर त्याला जपायचं. आणि मग चौकटीतला मजकूर. औषध देऊनही दुखणं वाढलं, बोटं सुजली, गार किंवा निळसर पडली, मुंग्या आल्या, बधिर वाटली, बोटं सरळ करताना कळ आली, तर वाट पाहू नका. लगेच या.

मी तिची बोटं पाहिली. कोवळ्या वांग्यांसारखी फुगलेली आणि टोकांना तसाच रंग चढू लागलेला. करंगळी हळूच सरळ केली तर ती किंचाळली. नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख गुलाबी व्हायला इतका वेळ लागला की मी मनात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली होती.

हॉस्पिटलात त्याच नर्सबाई होत्या. बोटांना हात लावताच त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. मग माझ्याकडे वळून तमिळमध्ये म्हणाल्या, "सर, सगळं लिहून दिलं होतं की!"

"मला तमिळ वाचता येत नाही," मी म्हणालो. तेही अस्खलित तमिळमध्ये.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने मान हलवून साक्ष दिली.

डॉक्टरांनी घरघरणाऱ्या करवतीने प्लास्टर लांबीच्या लांबी चिरलं, आतला कापूसही कापून फट मोकळी केली. फुलपाखरांचे दोन तुकडे झाले. थोड्या वेळाने बोटं गुलाबी होऊ लागली. मुंग्याही गेल्या. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं आत्ता आलात. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर हाताचे स्नायू..." तिला त्यांनी रात्रभर ठेवून घेतलं. सूज ओसरल्यावर काही दिवसांनी प्लास्टर पुन्हा नीट बांधणार होते.

त्या दुपारी पुण्याहून फोन आला. आणि मी, चाळीशी उलटलेला माणूस, म्हणालो, "अगं, जरा सूज आली होती. ऐकते कुठे ती? हात खाली सोडून दिवसभर हुंदडत होती."

फोन मुलीला दिला. तिने पाच मिनिटं बोलणी खाल्ली. हात दोन उशांवर, नजर माझ्यावर. "हो आई. सॉरी आई." बस. एवढंच.

फोन ठेवल्यावर म्हणाली, "वही आणा. मी सांगते, तुम्ही मराठीत लिहा."

तिने एकेक ओळ सांगितली, मी सुवाच्य अक्षरात लिहिली. मध्ये एकदा तिने "आईस्क्रीम" असंही सांगितलं. तेही लिहिलं. घरी आल्यावर तो कागद कपाटावर चिकटवला.

चार दिवसांनी तिची आई आली. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "अरे, एवढं तमिळमधून स्वतः उतरवून काढलंस? मला वाटलं होतं, तुझ्याच्याने काही होणार नाही." डोळ्यांत चक्क पाणी.

मुलगी सोफ्यावर होती, हात उशीवर. तिने माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. बराच वेळ पाहिली.

"हो," मी म्हणालो. "थोडा वेळ लागला."

मुलगी उठली, फ्रिजपाशी गेली आणि उजव्या हाताने आईस्क्रीमचा डबा काढला. मी झाकण उघडून दिलं. तिच्या आईने विचारलं, "हे रोज चालतं का?"

"कागदावर आहे," मुलगी म्हणाली.