फाईल माझ्याकडं होती

औरंगपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. बियाणं विकणाऱ्या दुकानदारांसाठी आम्ही ऑर्डरचं सॉफ्टवेअर बनवत होतो. सर्व्हरचं काम माझ्याकडं होतं. मग टेस्टिंगमधून एका बाईंना माझ्या हाताखाली दिलं. मूळच्या पिशोर गावच्या, राहायला पुंडलिकनगरात, घरी लहान मुलगी. पहिल्याच महिन्यात त्यांनी मीटिंगमध्ये माझी एक चूक दाखवली. अगदी अदबीनं, "सर, इथं बहुतेक पोर्टचा नंबर चुकलाय." चूक होतीच. मी हसून दुरुस्त केली आणि मनात धरून ठेवली.

नवीन ग्राहक यायच्या दिवशी डेमो त्यांनी द्यायचा, असं आमच्या साहेबांनी ठरवलं. सर्व्हरवरचे प्रोग्राम सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमध्ये ग्राहकासाठी वेगळी नेमस्पेस, म्हणजे त्याच सर्व्हरवर वेगळी खोली म्हणा, मी आदल्या दिवशी काढून दिली होती. सकाळी आल्या आल्या त्यांनी विचारलं, "सर, तिथं सगळं टाकलंय ना? सिक्रेट, कॉन्फिगमॅप?"

"व्हय," मी म्हणालो.

टाकलं नव्हतं, ना लॉगिनचं सिक्रेट, ना सेटिंगचा कॉन्फिगमॅप. विसरलो होतो, आणि त्यांनी विचारलं त्याच क्षणी आठवलं. पाच मिनिटांचं काम होतं. मी चहा प्यायला खाली गेलो.

अकराला ग्राहकाची तीन माणसं बसली. बाईंनी प्रोग्राम चढवला. प्रोग्राम ज्या डब्यात चालतो त्या पॉडसमोर पडद्यावर आलं, इमेज-पुल-बॅकऑफ. म्हणजे प्रोग्रामची तयार प्रत, इमेज, ती जिथं साठवतो त्या आमच्या खाजगी रजिस्ट्रीतून खाली येत नव्हती, आणि कुबरनेटीस दर वेळी जास्त थांबून पुन्हा प्रयत्न करत होतं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"बघते, सर."

"बघते काय? घरी बघून यायचं. का पिशोरहून येताना डोकं एसटीतच विसरलं?"

ग्राहकाचा एक माणूस हसला. मग मीही हसलो. बाईंनी माझं हसणं ऐकलं, मान वळवली नाही.

त्यांनी पॉडचा तपशील दाखवणारी डिस्क्राइबची कमांड दिली आणि खालच्या नोंदी, म्हणजे इव्हेंट, एकेक करून वाचले. रजिस्ट्रीनं परवानगी नाकारली होती, कारण लॉगिन ज्यात असतं ते सिक्रेटच या नेमस्पेसमध्ये नव्हतं. एका नेमस्पेसचं सिक्रेट दुसरीतल्या पॉडला वापरता येत नाही.

"सर, सिक्रेट इथं नाही," त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या.

"मग टाका. वाचता येतं तर करताही येत असंल."

त्यांनी जुन्या नेमस्पेसमधून सिक्रेट काढलं, त्यातलं नेमस्पेसचं नाव बदललं, इथं लावलं. अडकलेला पॉड उडवला, नवीन आला. या वेळी इमेज उतरली. त्यांनी श्वास सोडला तोवर पडद्यावर दुसरंच आलं: क्रिएट-कंटेनर-कॉन्फिग-एरर.

"आता हे काय नवीन काढलं?" साहेबांनी टेबलावर हात आपटला.

त्यांनी पुन्हा इव्हेंट वाचले. कॉन्फिगमॅप सापडत नव्हता. जुन्यातला उचलून भागणार नव्हतं, त्यात जुन्या डेटाबेसचा पत्ता होता. नवीन पत्त्यासकट लिहिलेली फाईल एकाच ठिकाणी होती, माझ्या लॅपटॉपवर.

"सर, नव्या डेटाबेसचा पत्ता कुणाकडं असंल?" त्यांनी मला विचारलं.

मी मोबाईल बघत राहिलो. "शोधा ना, मेलमध्ये असंल."

मेलमध्ये नव्हता, हे मला ठाऊक होतं. त्या शोधत राहिल्या. मान, कान लाल झाले. साहेब ग्राहकासमोर म्हणाले, "माफ करा, माणूस चुकीचा निवडला." ग्राहकानं बॅग उचलली, तेव्हा मी उठलो.

"सरका," मी म्हणालो. त्यांच्याच खुर्चीत बसलो. माझ्या लॅपटॉपवरून फाईल त्यांच्या मशीनवर घेतली, लावली. पॉड काही सेकंदांतच आपोआप रनिंग झाला. ग्राहक परत बसला. साहेबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. बाई भिंतीशी उभ्या होत्या, हातात पेन.

दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "फाईल सकाळपासून तुमच्याकडं होती ना?"

"होती."

"मी सकाळी विचारलं होतं, सर."

"विचारलं असंल. कामात होतो."

मला वाटलं, रडतील. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, हे मी आज लिहू शकतो. "बरं," एवढंच म्हणाल्या. त्यांना पुन्हा टेस्टिंगला टाकलं. महिना संपायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. साहेबांना मी खरं सांगितलं नाही. विचारलंही कुणी नाही.

मागच्या दिवाळीत बाजारात त्या समोर आल्या, मुलीचा हात धरून. मी तोंड फिरवणार, तोच त्या थांबल्या.

"हे माझ्या जुन्या ऑफिसातले सर," त्यांनी मुलीला सांगितलं. "नमस्कार कर."

मुलीनं हात जोडले. मीही जोडले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्या तोवर पणत्यांच्या गाड्याकडं वळल्या होत्या, आणि मुलगी वळून वळून माझ्याकडं बघत होती.