स्नेहसंमेलनाचं शेवटचं भाषण

मुख्याध्यापिका म्हणून ते माझं शेवटचं स्नेहसंमेलन. लिहिलेलं भाषण मी सवयीप्रमाणे आमच्या शिपाई मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बाई, अभिमान, उत्तुंग यश, उज्ज्वल भविष्य. दर साली हेच. पोरं ऐकत नाय, नुसत्या टाळ्या वाजवतात."

मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला. "मग तुमची लेक नर्स झाली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणायचं काय? नाशिक रोडपासून चांदवडपर्यंत बसमध्ये शेजारच्या बाईला सांगत गेले, पोरीनं करून दाखवलं. आता तिचं ती बघंल."

मी कागद फाडला. संध्याकाळी मांडवात मुलांना तेवढंच म्हणाले: बसमध्ये अनोळखी माणसांनाही मी तुमच्याबद्दल सांगत असते. तुम्ही करून दाखवलंत. आता तुमचं तुम्ही बघाल. टाळ्या जरा उशिरानेच आल्या.

महिनाअखेरीस निवृत्त होऊन निघाले, तेव्हा फाटकापर्यंत मी सूचनाच देत होते. टाकीचं झाकण, प्रयोगशाळेचं कुलूप.

"बाई, आता आमचं आम्ही बघू," मावशी म्हणाल्या.

कोपऱ्यावरून मी वळून पाहिलं. फाटक त्यांनी अजून लावलं नव्हतं.