मिटलेलं तोंड

एटापल्ली तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स होते. दर महिन्याला गावोगावची लेकरं काट्याच्या झोळीत टाकून वजन करायचं आणि त्यांच्या आयांना काय खाऊ घालावं ते सांगायचं, हे माझं काम. घरी माझी स्वतःची अडीच वर्षांची मुलगी भात आणि दूध सोडून काही तोंडात घेत नव्हती.

नवरा आश्रमशाळेवर मास्तर होता, तो शनिवारी यायचा. क्वार्टरमध्ये मी, मुलगी आणि सासू. सासू माजरीच्या, चंद्रपूरकडच्या. मी फिरतीवर गेले की दिवसभर मुलगी त्यांच्याजवळ असायची. मुलगी रडली की बाटली, झोपेला आली की बाटली, जेवली नाही की पुन्हा बाटली. त्या म्हणायच्या, "दूध तं पेते ना? पोटात काई तं जाते." मलाही ते पटायचं. ताटातलं वरण, भाजी, अंडं, सगळं ती हाताने दूर सारायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची.

मी काय काय केलं नाही? भातात वरण लपवलं, तर तिने तेवढाच घास थुंकला आणि पुढे पांढऱ्या भातावरही तिचा विश्वास राहिला नाही. एक घास खाल्ला तर एक बिस्कीट, असा सौदा केला. चार दिवसांत ती बिस्कीट आधी मागू लागली. मग मी ओरडायला लागले. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई दारात येऊन विचारायच्या, "काऊन हो सिस्टर, काय झालं?"

आणि एका दुपारी मी ते केलं. गावातून उन्हात चालत आले होते. सासूने सांगितलं की पोरीने सकाळपासून अन्न घेतलं नाही. मी तिला मांडीवर आडवं घेतलं, तिचे दोन्ही हात माझ्या काखेत दाबले, नाक धरलं आणि तोंड उघडताच वरणभात आत कोंबला. तिला ठसका लागला. ती निळी पडली की काय असं क्षणभर वाटलं. मग सगळं ओकून बाहेर आलं, माझ्या पांढऱ्या साडीवर. सासू ओरडल्या, "मारून टाकशील का लेकराले!"

घास श्वासनळीत जाऊ शकतो, हे मी इतर आयांना सांगत असे. मला ते माहीत होतं.

त्यानंतर ती माझ्या हाताला भिऊ लागली. नाक पुसायला हात नेला तरी मान फिरवायची. केस विंचरायला गेले तर आधी तोंड मिटून घ्यायची. भातही माझ्या हातून खाईना. रविवारी नवरा तिला भरवायचा तेव्हा ती चार घास खायची, मी उंबऱ्याच्या आत आले की थांबायची. स्वतःच्या लेकराने आपल्याला असं ओळखावं, याहून वाईट काय असतं ते मला अजून सापडलेलं नाही.

पुढच्या महिन्यात मी तिला त्याच काट्यावर टाकलं. तीन महिन्यांत वजन हललं नव्हतं. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, ती आतून फिकट होती. आम्ही पहाटेच्या एस.टी.ने आलापल्ली करत चंद्रपूरला लहान मुलांच्या डॉक्टरकडे गेलो.

त्यांनी रक्त तपासलं, गिळायला त्रास होतो का, जुलाब होतात का, सगळं विचारलं. मग म्हणाले, "रक्त कमी आहे. दिवसाला किती दूध पिते?"

मी बाटल्या मोजून सांगितल्या. सांगतानाच मला लाज वाटली.

"एवढ्या दुधानं पोट भरतं, भूक लागणार कुठून? आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. बाटली बंद करा. दूध कपातून, दोन वेळा, जेवणानंतर. लोहाचं औषध देतो, ते दुधासोबत देऊ नका. शी काळी होईल, घाबरू नका." मग ते म्हणाले, "आणि सिस्टर, काय शिजवायचं, कधी आणि कुठं वाढायचं, हे तुमचं. खायचं की नाही, किती खायचं, हे तिचं. तिच्या भागात हात घालू नका."

"आणि नाहीच खाल्लं तर?"

"तर ताट उचला. रागानं नाही. पुढच्या वेळेला पुन्हा वाढा. मधे फक्त पाणी. एखादी गोष्ट दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर मूल तिला हात लावतं, कधी त्याहून उशिरा. दर पंधरा दिवसांनी वजन बघा. सुस्त वाटली, लघवी कमी झाली, तर वाट न बघता घेऊन या."

ऐकायला सोपं होतं. परतीच्या एस.टी.त ती माझ्याकडे पाठ करून नवऱ्याच्या छातीवर झोपली होती आणि मला वाटत होतं, हे मला जमणार नाही.

सासूला पटवणं तर त्याहून कठीण गेलं. "आमी पाच लेकरं वाढवली, बाई. कोणाले उपाशी नाई ठेवलं," असं म्हणून त्या रडायच्या. मी बाटली काढून टाकली त्या दिवशी मुलगी दाराशी लोळून लोळून रडली. सासू तोंड फिरवून बसल्या. मी मुलीजवळ जमिनीवर बसून राहिले. तिने मला जवळ घेऊ दिलं नाही.

आम्ही सगळे एकत्र, एकाच वेळी जेवायला बसू लागलो. तिच्या छोट्या ताटलीत तिचा पांढरा भात, आणि बाजूला आम्ही खातो त्यातलं चिमूटभर. खा म्हणायचं नाही. शाबास म्हणायचं नाही. तिच्याकडे बघायचंही नाही. मी माझ्या ताटात बघून जेवायचे. पहिल्या आठवड्यात तिने काही जेवणं तशीच सोडली. अर्ध्या तासाने मी ताट उचलायचे, चूल सारवायच्या निमित्ताने तोंड वळवायचे आणि रडायचे.

एका संध्याकाळी बिस्किटाचा पुडा सासूच्या पदराखाली सापडला. त्याच म्हणाल्या, "मले पाहावत नाई वं."

"मलाही पाहावत नाही, आई," मी म्हटलं. त्या रात्रीपासून त्यांनी पुडा आणला नाही. आम्हा दोघींमध्ये तेवढंच बोलणं झालं.

तीन आठवडे झाले तरी वरण तिच्या ताटलीत तसंच सुकायचं. पंधरवड्याचं वजन वाढलं नव्हतं, घटलंही नव्हतं. माझ्यासमोर वजनाला येणाऱ्या आयांना मी आहाराविषयी सांगताना अडखळायचे. एका बाईने झोळीतल्या लेकराचा जबडा धरून त्याच्या तोंडात भाकर दाबली, तेव्हा मी तिचा हात बाजूला केला. "राहू दे," एवढंच म्हटलं.

दुसऱ्या महिन्यात सासूने तळ्यातल्या मासोळ्यांचा रस्सा केला होता. मुलीने आजीच्या ताटातली मासोळी बोटाने दाबून पाहिली, बोट चाटलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. सासूने माझ्याकडे पाहिलं. मी पुढचा घास घेतला. तीन-चार वेळा असंच झालं. मग एकदा सासूने काटा काढून ठेवलेला तुकडा तिने उचलून तोंडात घातला, चावला आणि थुंकला. मी ताटलीखालची जमीन पुसली. त्यानंतरच्या आठवड्यात एक तुकडा गिळला. पाहायला नवरा नव्हता, शनिवार लांब होता.

वर्षभरात ती सात-आठ पदार्थ खाऊ लागली. मासोळी, अंडं, भाकर, मुंगन्याच्या म्हणजे शेवग्याच्या शेंगा चोखून. रक्त सुधारलं, बाटली ती विसरली. वरण तिने शाळेत जाईपर्यंत घेतलं नाही. अंगाने ती बारीकच राहिली, आणि मी पुढे कितीतरी वर्षं तिच्या ताटाकडे न बघता जेवत राहिले. आजारपणात मात्र ती औषध बापाच्याच हातून मागायची. तो शाळेवर असला तर आजीच्या. मी चमचा भरून सासूच्या हातात द्यायचे आणि बाजूला सरायचे.