सात नंबरचं दार

वामनराव तहसील कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. आदिलाबादच्या आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी धुवायची असली तरी ते आधी अर्ज मागायचे. कागदावर नाही ते जगात नाही, हा त्यांचा धर्म. मी त्यांची खूप थट्टा केली आहे. आता करवत नाही.

धनत्रयोदशीला आमच्याकडे दारसजावटीची स्पर्धा असते. सलग चार वर्षं अध्यक्षांच्या घरालाच पहिलं बक्षीस. परीक्षक अध्यक्षांचेच दोस्त, आणि आधी त्यांच्याच घरी चिवडा खाऊन मग दारं बघायला निघायचे. सगळ्यांना दिसत होतं, बोलत कोणी नव्हतं. बोलली ती प्रयागबाई. नवऱ्याच्या जागी कचेरीत लागलेली, भाड्याच्या घरात एकटी राहणारी बाई. दोन हजार सोळाच्या पोळ्यानंतर बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, "बक्षीस नका देऊ, पण मार्क कशाचे किती ते तरी सांगा. आमी काऊन हरतो ते आमाले कळू द्या."

वामनरावांना हेच हवं होतं. आठ दिवस बसून त्यांनी नियम लिहिले. परीक्षक तिघे, तिघेही बाहेरचे. नावाच्या पाट्या झाकायच्या, दाराला चिठ्ठी काढून नंबर द्यायचा. कल्पनेला तीस, स्वतःच्या हातकामाला तीस, घरातल्या-शेतातल्या वस्तूंना वीस, दिव्यांच्या मांडणीला आणि स्वच्छतेला वीस. तिघांच्या मार्कांची सरासरी. बरोबरी झाली तर हातकामाचे मार्क ज्याचे जास्त, तो पुढे. भाडेकरूंनाही हक्क. दिवे घरच्याच माणसानं लावायचे, पाहणी सहा ते सात. नियम बदलायचा तर सात दिवस आधी अर्ज आणि अकराही स्पर्धकांच्या सह्या. खोट काढायला जागाच नव्हती. पहिली सही प्रयागबाईची.

मग त्याच दसऱ्याला सरकारनं आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे केले. प्रयागबाईला निर्मलच्या नव्या कचेरीत टाकलं. रोज बसनं जायचं, बसनं यायचं, दिवाळीनंतर तिकडेच बिऱ्हाड न्यायचं. धनत्रयोदशी शुक्रवारी होती. अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळेल या आशेवर ती थांबली. आधीच्या शनिवारी साहेबानं नाही म्हटलं. रविवारी ती वामनरावांच्या दारात आली. मी तिथंच चहा पीत होतो.

"भाऊ, माही बस साडेसातले येते. माह्या दारी शेवटी या ना."

वामनरावांनी बोटांवर दिवस मोजले. "पाचच दिवस राह्यले, बाई. सात पाह्यजे. नियमावर तुमचीच सही हाये."

"आता मी इथून चालली, भाऊ. बक्षीस नको मले. खरे मार्क किती पडतात, एवढं एकदा पाहाचं होतं."

"आज तुमच्यासाठी वाकवला तर उद्या अध्यक्षासाठी वाकवा लागंन." ते हलले नाहीत. आणि मी? मी चहा संपवला.

शुक्रवारी पहाटे उठून तिनं दार सजवलं. तामसी गावाहून आणलेल्या कापसाच्या बोंडांचं तोरण, मधे ज्वारीची कणसं, खाली बारीक ठिपक्यांची रांगोळी. पणत्यांत तेल आणि वाती घालून ती बसला गेली. संध्याकाळी परीक्षक सात नंबरपाशी, म्हणजे तिच्या दारापाशी, थबकले. त्यांतले चित्रकलेचे मास्तर तर खालीच बसले. वामनरावांच्या खिशात काडेपेटी होती. मी त्यांचा हात खिशात गेलेला पाहिला. तो तसाच बाहेर आला. ते म्हणाले, "गैरहजर. पुढं चला."

आठ वाजता ती आली. दाराशी पिशवी ठेवून एकेक पणती लावली, आणि बराच वेळ एकटीच त्यांच्याकडे बघत बसली.

बक्षीस तिसऱ्या मजल्यावरच्या रुख्मिणीला गेलं. निकाल चोख होता, कोणाची तक्रार नव्हती. नंतर ज्याला त्याला विचारलं तर प्रत्येक जण म्हणे, मला म्हटलं असतं तर मी सही केली असती. मीही तेच म्हणालो. लाज वाटते.

सामानाचा टेम्पो भरला तेव्हा प्रयागबाई निरोपाला आली. "भाऊ, किती पडले असते?"

वामनराव खाली बघत म्हणाले, "कागदावर काही नाही, बाई."

ती हसली आणि टेम्पोत बसली.

टेम्पो कोपऱ्यावरून वळला. वामनराव कठड्याला धरून उभेच होते. मग मला म्हणाले, "मास्तर जाताना बोलले होते. सात नंबरचे दिवे लागले असते तर दुसरं दार पाहाची गरज नव्हती म्हणे."

"मग सांगितलं काऊन नाही तिले?"

"तोंडी बोलले ना," वामनराव म्हणाले. "लिहून दिलं नव्हतं."