झोपेतला बिबट्या

आमच्या लोणीत उसात बिबट्या असतोच. त्यामुळं हे झोपेत "हाड, हाड!" ओरडून लाथा झाडायचे, तेव्हा सगळ्यांना वाटलं, ह्यांनी बिबट्याची भीतीच घेतलीय. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. एकदा ठोसा माझ्याच तोंडावर बसला, तेव्हा मी रागानं अंथरूण वेगळं केलं.

सात वर्षांनी ह्यांचा हात कापायला लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी मलाच विचारलं, "झोपेत हातपाय झाडायचे का?" स्वप्नात मेंदू अंग सैल करून ठेवतो म्हणे, ह्यांच्या मेंदूतली ते काम करणारी जागा आधीच झिजू लागली होती. कंपवात पुष्कळदा अशीच कित्येक वर्षं आधी वर्दी देतो.

आता दिवसा ह्यांना सदऱ्याचं बटण लावता येत नाही, मी लावते. झोपेत मात्र तोच हात ताडकन उठतो, आणि हे ओरडतात, "तू माझ्या मागं हो, मी हाय!"