आभारांनंतरचं गाणं

गाण्याच्या बाई चिडक्या होत्या आणि ते त्या लपवत नसत. खोली जिन्याखालची, पेटीचे दोन सूर मुके, तास नेमका मधल्या सुट्टीच्या तोंडावर. अशा माणसाने चिडायचं नाही तर काय करायचं?

पण त्यांचा खरा राग होता आभारप्रदर्शनावर. स्नेहसंमेलनात आभार झाले की पहिलीची चिमुरडी शाळेचं गाणं म्हणायची आणि मग पडदा. आभार मानायचे उपमुख्याध्यापकांनी. पोरं त्यांना लांबण सर म्हणत. सर एकेकाला चार-चार विशेषणं लावत. ज्याचं नाव झालं तो मान डोलवून चालू लागे. गेल्या वर्षी गाणं ऐकायला उरले दोघेच: खुर्च्या दुमडणारा खुर्चीवाला आणि झोप लागलेले कुणाचे तरी आजोबा. पहिलीतली एक पोरगी गाता गाता रडली. बाईंनी तेव्हाच ठरवलं, पुढच्या वर्षी सभागृह भरलेलं पाहिजे म्हणजे पाहिजे.

यंदा सरांचा घसा बसला. आभारांचीच तालीम करताना बसला, असं शिपाईमामा हसू दाबत सांगत होते. बाई तडक मुख्याध्यापिकांकडे गेल्या. "आभार मी मानते."

बातमी फुटली तशी शिक्षकखोलीत रीघ लागली. सगळ्यात आधी आले शाळेच्या संस्थेचे चिटणीस.

"बाई, आमच्या मेव्हण्यांचं तेवढं घ्या."

"त्यांनी काय केलं?"

"ते येणार आहेत."

"आलेल्यांचे आभार एकत्र आहेत. मेव्हणे बसतील त्यात."

लांबण सरही आले, गळ्याला मफलर गुंडाळून. काहीतरी सांगू पाहत होते, पण घशातून नुसती हवा. "बाई... पोरांचं..."

"ऐकू येत नाही, सर," बाई म्हणाल्या. "आणि पोरांचं मी बघते. तुमच्या विशेषणांपायी ती रिकाम्या खुर्च्यांना गाणं ऐकवतात." त्याच रागात त्यांनी सरांचं नाव आभारांतून उडवलं.

संमेलनाच्या दिवशी बाई माईकसमोर उभ्या राहिल्या. "प्रत्येकाचं नाव एकदाच. विशेषण कुणालाच नाही. टाळ्या शेवटी. क्रम कामाचा, मानाचा नाही."

पहाटे सभागृह झाडणाऱ्या मावशी पहिल्या. मग खुर्चीवाला, माईकवाला, कपडे शिवून देणाऱ्या आया, नाच बसवणाऱ्या बाई, खाऊ देणारे बेकरीवाले. बक्षिसं वाटणारे पाहुणे त्यानंतर, कारण ते आलेच त्यानंतर. मग मुख्याध्यापिका, चिटणीस आणि आलेले सगळे. चिटणिसांनी मेव्हण्यांना कोपराने ढोसलं: आले बघा तुम्ही.

सगळं इतकं झटपट उरकलं की उठायला कुणाला फुरसतच मिळाली नाही. खुर्च्या भरलेल्या. बाईंची छाती फुगली. "आणि आता, पहिलीचं गाणं."

पडदा सरकला. रंगमंचावर कुणी नव्हतं.

पहिल्या रांगेत लांबण सर करंगळी वर करून बसले होते. मघापासून तेच चाललं होतं त्यांचं. बाईंना वाटलं होतं, या माणसाला आताच जायचंय. आता विंगेतून शिपाईमामा कुजबुजले, "बाई, पोरं तिकडेच गेलीत. दरवर्षी सरांच्या भाषणात जाऊन येतात. वेळ पुरतो."

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरांचं, पोरांचं म्हणून सर हेच सांगत होते.

मागच्या खुर्च्या कुरकुरल्या. चार बाप्ये उठले. बाईंनी माईक घट्ट धरला. "थांबा. एक नाव राहिलंय."

सगळे जागच्या जागी बसले. आपलंच असेल, असं निदान निम्म्यांना वाटलं.

"उपमुख्याध्यापक," बाई म्हणाल्या. "राहिलं नाही, मी रागाने गाळलं होतं. सर दरवर्षी लांबलचक आभार मानतात. तेवढ्या वेळात पहिलीची साठ पोरं रांगेने जाऊन, हात धुऊन परत येतात, आणि आजवर रंगमंचावर कुणाचीही फजिती झालेली नाही. हे काम शाळेत दुसरं कुणी करत नाही. मलाही ते आज कळलं."

सभागृह खो-खो हसलं. सर उठले, उत्तरादाखल बोलू गेले, घशातून शिट्टी निघाली. टाळ्या पडल्या. तेवढ्यात पोरं आली, कुणी चड्डी सावरत, कुणी ओले हात पुढचीच्या फ्रॉकला पुसत.

मुक्या सुरांसकट पेटी वाजली आणि गाणं सुरू झालं. भरलेल्या खुर्च्या बघून गेल्या वर्षीची रडकी पोरगी यंदा दुसरीच्या रांगेतून, कुणी सांगितलेलं नसताना, सगळ्यांत मोठ्याने गाऊ लागली.

एकच माणूस उठला. लांबण सर, मफलर सावरत, वाकून, दाराकडे. बाईंकडे बघून त्यांनी पुन्हा करंगळी वर केली. या वेळी ती त्यांची स्वतःची होती.

बाईंनी पेटीवरूनच मान हलवली. जाऊन या.