निघालो, निघाले

नव्वदच्या दशकात आमचा भावगीतांचा एक छोटा संच होता. द्वारका चौकाजवळ टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत रविवारी सकाळी तालीम असायची. खालून ट्रकचे हॉर्न वाजायचे आणि सर खिडक्या लावून घ्यायचे. सर म्हणजे आमचे संगीतकार. पेटी तेच वाजवायचे. आमची बरीचशी गाणी एका बँकेत कारकून असलेल्या गृहस्थांनी लिहिलेली होती. पन्नाशीचे, एकटे राहणारे, कमी बोलणारे. त्यांना आम्ही सगळे कवी म्हणायचो. मी शाळेत मराठी शिकवत होते, म्हणून ते मला बाई म्हणत.

त्यांचं एक गाणं आमच्या प्रत्येक कार्यक्रमात असायचं. घर सोडून निघालेल्या माणसाचं गाणं. आमचा मुख्य गायक ते फार मन लावून म्हणायचा:

निघालो मी दूर गावा, मागे नाही पाहिले,
दार होते लोटलेले, लोटलेले राहिले.

एका वर्षी या गायकाच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही महिने गाणं बंद करायला सांगितलं, आणि सिन्नरचा कार्यक्रम तर ठरलेला होता.

"हे गाणं आता तू म्हण," सर मला म्हणाले.

"पण शब्द पुरुषाचे आहेत."

"अभंग म्हणतेस तेव्हा बदलतेस का शब्द? तसंच म्हण."

"अभंगात संत बोलतात, मी फक्त म्हणते. भावगीतात लोक माझ्या तोंडाकडे बघून ऐकतात, सर. साडी नेसून 'निघालो' म्हटलं तर हसतील."

कवी कोपऱ्यात चहा पीत होते. "बदलू या की," ते म्हणाले. "त्यात काय?"

सुरुवात सोपी होती. 'निघालो'चं 'निघाले' झालं, 'एकटा'चं 'एकटी'. मात्रा तेवढ्याच, ताल कुठे अडला नाही. 'पाहिले' आणि 'राहिले' यांना हातच लावावा लागला नाही. 'मागे पाहिले' म्हणताना बाई असो की पुरुष, क्रियापद तेच राहतं. 'खांद्यावरची शाल' होती, तिथे 'डोईवरचा पदर' आला. सरांचं दुखणं वेगळं होतं. 'निघालो'तला 'ओ' त्यांनी लांबवर ताणला होता. 'ए'वर तोंड पसरतं आणि सूर पातळ लागतो, म्हणून त्यांनी ती जागा आखूड केली.

अडलं ते शेवटच्या कडव्याशी:

वळणाशी दोघे आपण न बोलता पांगलो,
तू घराला वळलीस, सखे, मी तिथेच थांबलो.

'थांबलो'चं 'थांबले' झालं, पण 'आपण पांगलो' काही बदलेना. आपण, आम्ही म्हटलं की बायकाही 'पांगलो'च म्हणतात. यमक तुटलं. कवींनी कप खाली ठेवला आणि क्षणात ओळ फिरवली, "रस्ते दोघांचे तिथे मग न बोलता पांगले."

"वा!" सर म्हणाले. "आता ते 'सखे'?"

"सख्या," मी म्हणाले.

"नको. ते तमाशातलं वाटतं." कवी म्हणाले. "घरात बाई 'अहो' म्हणते."

"अहो म्हटलं तर 'वळलात' करावं लागेल. आणि गाण्यात कोण अहो म्हणतं? गाण्यात सगळ्याच बायका तू म्हणतात."

त्यांनी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. मग म्हणाले, "'अरे' घाला." मी ओळ म्हणून पाहिली: "तू घराला वळलास, अरे, मी तिथेच थांबले." ते उठले आणि काम आहे म्हणून जिना उतरून गेले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ओळ पसंत नसेल.

सिन्नरला शाळेच्या पटांगणात कार्यक्रम झाला. गायकाच्या तोंडी हे गाणं आलं की लोक माना डोलवत. त्या संध्याकाळी मात्र कुणी डोललं नाही. पहिल्या 'निघाले'लाच बायकांच्या बाजूची कुजबूज थांबली. पुरुष निघाला की तो कुठेतरी चाललेला असतो. बाई निघाली की तिने घर सोडलेलं असतं. हे मला स्टेजवर, गाता गाता कळलं आणि आवाज आपोआप खाली आला. शेवटच्या ओळीनंतर टाळ्या थांबेनात. माझ्या गाण्याला तशा टाळ्या ना आधी मिळाल्या होत्या, ना नंतर मिळाल्या.

परतताना जीपमध्ये कवी नव्हते. एसटीने गेले, असं तबलजीने सांगितलं.

पुढच्या रविवारी मी तालमीला लवकर गेले तर ते जिन्यातच उभे होते.

"बाई, ते गाणं पुन्हा म्हणू नका."

"चुकलं का काही?"

"चुकलं असतं तर बरं झालं असतं." ते भिंतीकडे बघत बोलत होते. "मी कुठेच निघालो नव्हतो. ती निघाली. मी वळणापर्यंत सोडायला गेलो होतो, तिची पिशवी घेऊन. थांब म्हणालो नाही. परत फिरलो. लिहायला बसलो तेव्हा 'ती निघाली' हे काही हाताला येईना. 'निघालो' लिहिलं आणि सगळं सरळ उतरलं. लोकांना वाटलं मी गाव सोडल्याचं गाणं आहे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

"मला माहीत नव्हतं," मी एवढंच म्हणाले.

"कसं असणार? लग्नाची सगळी वर्षं अहो म्हणाली. जाताना तेही म्हणाली नाही. तुम्ही तिकडे 'तू वळलास' म्हणालात, आणि मला वाटलं, एवढ्या माणसांत तीच बोलली."

सर चिडले. पुढचे दोन कार्यक्रम ठरलेले होते आणि लोक नेमकं तेच गाणं मागत होते. मग मधला मार्ग म्हणून कवींनीच ना पुरुषाचं, ना बाईचं असं गाणं करून दिलं. 'निघाले'च्या जागी 'जायचे मज', 'थांबले'च्या जागी 'थांबणे आले'. व्याकरणात खोट नव्हती. पण म्हणताना मी कोण, कुणाशी बोलते आहे, तेच कळेना. दोनदा म्हणून पाहिलं आणि गाणं बाजूला ठेवलं. घरी भाकऱ्या थापताना मात्र ओठांवर 'निघाले'च यायचं. ते गाणं माझंही झालं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. नवऱ्याने एकदा विचारलं, "हे काय सारखं निघाले, निघाले?" मी तव्यावरची भाकरी उलटली.

काही महिन्यांनी गायक परत आला आणि 'निघालो' म्हणू लागला. लोक पूर्वीसारखे डोलू लागले. कवी मात्र त्यानंतर तालमीला आले नाहीत. नवं गाणंही आलं नाही. हळूहळू संच पांगला.

दोन हजारनंतर कधीतरी ते मला द्वारकेच्या स्टॉपवर भेटले. केस पूर्ण पिकलेले, हातात औषधांची पिशवी.

"लिहिता ना अजून?" मी विचारलं.

"कॉलनीच्या गणपतीसाठी आरत्या लिहितो. आम्ही आलो, आम्ही नमितो. बरं पडतं." मग म्हणाले, "तुमच्यावर राग नाही, बाई. तेव्हाही नव्हता."

"त्या कुठे असतात, कळलं का कधी?"

त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, मला कळलं नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. त्यांची बस आली. गर्दी होती. कंडक्टरने त्यांना हात देऊन वर घेतलं, आणि मी बाजाराची पिशवी उचलून रस्ता ओलांडला.